कुकरी घडवताना: पुढचं वजन नेमकं कुठे असावं (धरान, पूर्व नेपाळ)

२० नोव्हेंबर

धरानमध्ये काम सुरू केलं. दसैंच्या, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याच्या, आधी इथल्या लोहारांना मान वर करायला फुरसत नसते. घराघरांतल्या कुकऱ्या धारेला येतात, नव्यांच्या मागण्या असतात. तिहार, म्हणजे इथली दिवाळी, उरकला की आरन, म्हणजे इथली लोहारशाळा, थोडी निवांत होते. ज्यांच्याकडे बसतोय त्यांना मी दाइ म्हणतो, ते मला भाइ. भाषा अर्धी हिंदी, अर्धी नेपाळी.

ठरवलंय ते इतकंच: दोन पाती करायची. लांबी सारखी, पोटाची, म्हणजे वाकापुढच्या फुगीर भागाची, रुंदी सारखी, वाकही सारखा. एकाची पाठ मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची ठेवायची, दुसऱ्याची दाइंच्या पद्धतीने टोकाकडे उतरती करायची. कुकरी तोडायला आणि लढायला, दोन्ही कामांना चालते आणि तिचं वजन पुढे असतं, हे सगळेच सांगतात. ते पुढे म्हणजे कुठे आणि कितपत, हे दोन्ही हातात घेऊन, तोडून आणि मोजून बघायचंय.

माल: ट्रकच्या कमानीचा जुना पाटा, ९ मिलिमीटर जाड. भंगारवाल्याने १३० नेपाळी रुपये किलोने दिला (१६० नेपाळी म्हणजे आपले १००). पाटा घेताना वाकड्या भागावर रॉकेल पुसून, ते कापडाने कोरडं करून वर खडू घासला. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. पहिल्या पाट्यावर मधल्या बोल्टच्या भोकापासून अशी रेघ निघाली, तो परत केला. कमानीच्या पाट्याने रस्त्यावर लाखो हिसके खाल्लेले असतात, त्यामुळे भोकाच्या आजूबाजूचा तुकडा कितीही चांगला दिसला तरी घेऊ नये.

२२ नोव्हेंबर

पाटा छिन्नीने तोडून दोन तुकडे केले. भट्टीत सालाच्या लाकडाचा कोळसा, भाता हाताने फिरवायचा. दाइ जमिनीवर बसून सांडशी धरतात, मी घण मारतो.

पहिल्याच पात्यावर दिवस गेला, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. वाक आधी द्यावा लागतो आणि हवा त्यापेक्षा जास्त द्यावा लागतो. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबीतही वाढते. पाठ तेवढीच राहते आणि धार लांब होते, त्यामुळे अख्खं पातं पाठीकडे वळायला लागतं. तलवारीला हाच गुण उपयोगी पडतो, कारण तिला तसाच बाक हवा असतो. कुकरीला बरोबर उलटा हवा. मी सुमारे ३० अंशांचा वाक देऊन धार ठोकायला घेतली. धार उतरली तेव्हा २० अंशही उरला नव्हता आणि पातं एखाद्या भल्या मोठ्या भाजीच्या सुरीसारखं दिसत होतं.

परत वाकवताना अडचण अशी की धार पातळ झालेली असते. ती ऐरणीवर टेकवून पाठीवर मारलं तर धार दुमडते. दाइंनी लाकडाच्या ओंडक्यात आडवी खाच पाडली, तापलेलं पातं धारेवर उभं करून त्या खाचेत बसवलं आणि पाठीवर, वाकाच्या जागी, घणाचे बेताचे ठोके दिले. लाकूड धुमसतं, पण धार शाबूत राहते. दुसऱ्या पात्याला सुरुवातीलाच ४० अंश दिले. धार उतरवल्यावर ते २८ वर येऊन थांबलं. तेच हवं होतं.

२५ नोव्हेंबर

दोन्ही पाती आकाराला आली. मूठ जिथे संपते आणि पितळी कडं बसतं तिथपासून पातं २८ सेंटीमीटर. पोट सर्वात रुंद जागी ५.२ सेंटीमीटर, आणि ही जागा कड्यापासून १६ सेंटीमीटरवर.

सपाट पात्याची पाठ सगळीकडे साडेसात मिलिमीटर. उतरत्या पात्याची कड्यापाशी ९, वाकापर्यंत जवळजवळ तितकीच, पोटाच्या मध्यावर ६ आणि टोकाच्या आधी तीन सेंटीमीटरवर जेमतेम ३.

हे उतरतं पातं ठोकताना जे दिसलं ते फोटोत कधीच कळत नाही. दाइ पोटाकडचं पोलाद काढून टाकत नाहीत. आडव्या तोंडाच्या हातोड्याने ते रुंदीत पसरवतात. जाडी कमी होते, रुंदी वाढते, वजन तिथेच राहतं. म्हणजे कुकरीचं पुढचं वजन जाडीतून येत नाही, रुंदीतून येतं. लाकडात शिरताना आडवी येते ती जाडी. रुंदी धारेच्या मागोमाग त्याच चिरेतून आत जाते, तिला वेगळी वाट लागत नाही. कुऱ्हाडीचं वजन जाड डोक्यात असतं, म्हणून ती सरपण फोडायला चांगली आणि फांदी छाटायला बोजड. कुकरी तेवढ्याच हातात छाटणी जास्त करते.

आणि जाडी वाकापर्यंत का टिकवायची, तर पात्यावर सगळ्यात जास्त ताण तिथे येतो. पोट लाकडात अडकलं आणि तुम्ही मूठ हलवून ते सोडवायला लागलात की वाकाची जागाच सगळं सोसते.

२७ नोव्हेंबर

कानस आणि ग्राइंडर. मुठीजवळची खाच कापली. धार अजून लावायची नाही. पाणी देण्याआधी धारेची कड दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवायची, नाहीतर ती नागमोडी होते किंवा तडकते.

२९ नोव्हेंबर

पाणी देण्याचा दिवस. इथे अख्खं पातं पाण्यात बुडवत नाहीत. पातं लालभडक तापवून धार वर करून धरतात आणि चहाच्या किटलीने धारेवरून पाण्याची बारीक धार मागे-पुढे सोडतात. धार झपाट्याने निवते आणि कडक होते. पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. मग पाणी थांबवायचं. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे परत येते आणि धारेचा ठिसूळपणा कमी करते. घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग चढताना दिसतो: आधी फिका पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. गडद पिवळ्यावर परत थोडं पाणी सोडून तिथेच थांबवायचं.

उतरत्या पात्याचं काम बिनबोभाट झालं. नवी कानस धारेवर फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली, पाठीवर मात्र चावली.

सपाट पात्याने त्रास दिला. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात पाठ जाड, म्हणजे उष्णतेचा साठाही मोठा. पिवळा रंग आला आणि दाइंनी किटली उचलेपर्यंत पोटाजवळ निळा झाला. कानस लावली तर धारेवर चावली, म्हणजे धार मऊ. पुन्हा तापवून पुन्हा पाणी दिलं, या वेळी जरा जास्त वेळ. "टिंग" असा बारीक आवाज आला. दाइंनी पातं तसंच बाजूला ठेवलं, बघितलंही नाही. आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. खाचेच्या आतल्या कोपऱ्यापासून वर पाठीकडे केसासारखी चीर गेली होती.

खाचेचे कोपरे मी त्रिकोणी कानशीने काढले होते, टोकदार. आकसणाऱ्या पोलादाचा सगळा ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो. शिवाय कमानीचं पोलाद मुळात तेलात कडक करायच्या जातीचं. पाण्याचा झटका ते अंग बारीक असेल तिथेच सहन करतं, आणि दुसऱ्यांदा तापवलं की धोका वाढतो. उतरत्या पात्याची खाच दाइंनी गोल कानशीने काढली होती. या खाचेच्या गोष्टी इथे पुष्कळ ऐकायला मिळतात: कोणी शंकराचा त्रिशूळ म्हणतं, कोणी गायीचं खूर, कोणी म्हणतं रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून. माझ्यापुरतं इतकं नक्की झालं की ती कापायचीच असेल तर आतून गोल कापावी.

सपाट पातं पुन्हा पहिल्यापासून. कोळशाचं एक पोतं आणि जवळजवळ आठवडा पाण्यात.

५ डिसेंबर

नवं सपाट पातं तयार. खाच गोल, पाणी एकाच खेपेत, किटली आधीच उचलून तयार ठेवली आणि रंग पिवळा व्हायच्या आत दुसरं पाणी सुरू केलं. दोन्हींना शिसवाची मूठ बसवली, राळ आणि विटेची पूड एकत्र वितळवून. मुठीच्या मधोमध गोल कडा आहे, मधलं बोट तिच्या पुढे बसतं आणि ओल्या हातातूनही मूठ सुटत नाही.

मग मोजमाप. वजन साध्या तराजूवर. तोल बघायला पातं बोटावर आडवं ठेवायचं आणि कड्यापासून किती पुढे ते स्थिर राहतं ते मोजायचं.

सपाट: ६२५ ग्रॅम, तोल कड्याच्या १० सेंटीमीटर पुढे.
उतरतं: ५४० ग्रॅम, तोल साडेसात सेंटीमीटरच्या किंचित पुढे.

तोलाचा बिंदू फक्त स्थिर असतानाचं सांगतो. कुकरी फिरवायची असते, म्हणून तिसरं माप झोक्याचं घेतलं. लोखंडी पट्टीचा इंग्रजी यू आकार करून त्यात समोरासमोर दोन टोकदार स्क्रू बसवले. हात जिथे धरतो तिथे, म्हणजे कड्याच्या ६ सेंटीमीटर मागे, मूठ त्या दोन टोकांमध्ये हलकेच अडकवली आणि पातं खाली लोंबकळू दिलं. बारीकसा झोका देऊन वीस झोके मोजले. एका झोक्याला (जाऊन येऊन) लागणारा वेळ T सेकंद असेल तर

L = 24.8 × T²

हे L म्हणजे हातापासूनचं सेंटीमीटरमधलं असं अंतर, जिथे फटका बसला तर हाताला धक्का लागत नाही. बॅटच्या ज्या जागेवर चेंडू बसला की हाताला काहीच जाणवत नाही, तीच ही जागा.

सपाट: वीस झोके १९.८ सेकंद. L साधारण २४.३, म्हणजे कड्यापासून १८.३ सेंटीमीटर.
उतरतं: वीस झोके १९.० सेकंद. L साधारण २२.४, म्हणजे कड्यापासून १६.४ सेंटीमीटर.

पोटाची सर्वात रुंद जागा १६ वर आहे. उतरत्या पात्याची बिनधक्क्याची जागा बरोबर पोटावर पडते. सपाट पात्यात ती पोट ओलांडून टोकाकडे दोन सेंटीमीटर पुढे जाते. दाइंना हे आकडे सांगितले तर ते हसले. त्यांनी उतरतं पातं मुठीत धरून पाठीवर बोटाच्या पेराने ठोकलं, ठोकत ठोकत पुढे गेले आणि जिथे हाताला झिणझिण्या येईनात तिथे अंगठा ठेवला. माझ्या खुणेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर.

यातूनच आणखी एक हिशेब निघतो. वजन, तोलाचं हातापासूनचं अंतर आणि L यांचा गुणाकार केला की फिरवायला किती जड जाईल ते कळतं. सपाट पात्यासाठी ६२५ × १६ × २४.३, उतरत्यासाठी ५४० × १३.६ × २२.४. वजनात फरक सातव्या हिश्श्याचा आहे, पण फिरवायला उतरतं पातं जवळजवळ एक तृतीयांशाने हलकं आहे. टोकाजवळचा प्रत्येक ग्रॅम हातापासून लांब असतो आणि त्याचा भार अंतराच्या वर्गाने वाढतो.

७ डिसेंबर

तोडणी. आधी ओला बांबू, मनगटाएवढा. दोन्हींनी एका तिरप्या घावात पडला, फरक नाही. बांबूवर पात्याची परीक्षा करून समाधान मानू नये, त्यात कोयताही पास होतो.

मग वाळलेली शिसवाची फांदी, अचानोवर, म्हणजे इथल्या तोडायच्या ओंडक्यावर. पहिल्या काही घावांत सपाट पातं खोल गेलं, यात शंका नाही. वजन आहे, वेग आला की ते बोलतं. पण पोटाने घाव घातला की मूठ हातात उसळायची, आणि धक्का चुकवायला मी नकळत पुढे सरकून टोकाजवळच्या भागाने मारायला लागलो. तिथे पातं अरुंद, घाव उथळ. शिवाय जाड पाठीमुळे ते लाकडात पाचरीसारखं अडकायचं आणि दर घावाला हलवून काढावं लागायचं. उतरतं पातं प्रत्येक घावाला थोडं कमी शिरलं, पण अडकलं नाही. फांदी तुटायला लागलेला वेळ दोन्हींचा सारखाच आला, आणि दुसऱ्या फांदीला उतरतं पुढे गेलं, कारण सपाट पात्याने मनगट भरून आलं होतं.

वाकाचं काम आज नीट दिसलं. मुठीत काठी घट्ट धरली की ती हाताच्या रेषेत राहत नाही, अंगठ्याच्या बाजूला वर तोंड करते. सरळ सुरा असला तर फांदीवर धार सपाट पडावी म्हणून मनगट खाली मोडावं लागतं. कुकरीचं पातं वाकापासून खाली झुकलेलं असल्यामुळे मनगट सहज ठेवूनही पोट फांदीवर बरोबर उतरतं, आणि बोटांची पेरं अचानोपासून वरच राहतात. त्यात पोटाची धार गोलाईत असल्याने ती एकाच वेळी सगळी टेकत नाही. एका बिंदूवर टेकते आणि घाव उतरताना पुढे सरकते. हात ओढला नाही तरी थोडी कापणी होतेच. नुसतं दाबून तोडण्यापेक्षा सरकत कापायला जोर कमी लागतो, हे विळीवर बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

वाकाच्या आतला, मुठीजवळचा भाग तोडायला जवळजवळ निरुपयोगी, पण खुंटी तासायला उत्तम. हाताजवळ असल्याने तिथे पातं हुकमात राहतं. दाइंचा मुलगा त्याच भागाने बांबूच्या कामट्या काढत होता.

९ डिसेंबर

दाइंच्या ओळखीचे एक निवृत्त लाहुरे आले. परदेशी किंवा भारतीय फौजेत नोकरी करून आलेल्याला इथे लाहुरे म्हणतात, आणि धरानमध्ये ते पुष्कळ आहेत. ब्रिटिशांची गुरखा छावणी इथेच होती, त्या जागेवर आता बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान हे मोठं इस्पितळ आहे. दाइ त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हटलं.

काकांनी आधी सपाट पातं उचललं, एकदा हवेत फिरवून परत ठेवलं. म्हणाले, "हे मारायला जातं, परत येत नाही."

मग केळीच्या खांबावर दाखवलं. खांब उभा रोवलेला. उतरत्या पात्याने तिरपा घाव घातला, खांब कापला गेला आणि पातं खाली न जाता कमरेजवळ येऊन थांबलं, पुन्हा उलट्या बाजूने वर जायला तयार. सपाट पात्यानेही खांब तुटला, किंबहुना जास्त सहज, पण पातं त्यांच्या गुडघ्याच्या बाहेरून खाली गेलं आणि खांदाही त्याच्यासोबत गेला. केळीला फरक पडत नाही. समोर माणूस असेल तर तेवढ्या वेळात तो आत शिरतो.

म्हणजे झाड तोडणं आणि लढणं यांत घावाची गरज एकच आहे: थोड्या लांबीत, एका हाताने, पुढच्या भागात जोर. १८१४ ते १६ च्या युद्धात इंग्रजांनी गोरखा सैनिकांच्या हातात जे पातं पाहिलं ते डोंगरातल्या प्रत्येक घरात सरपणाला वापरलं जाणारंच होतं. शेतावरच्या माणसाच्या हाताला त्या घावाची सवय लहानपणापासून असते, वेगळी शिकवावी लागत नाही. दोन्ही कामं वेगळी होतात ती घावानंतर. लाकडात पातं थांबवण्याचं काम लाकूडच करतं. हवेत ते मनगटाला करावं लागतं. टोक पातळ केल्याने पहिल्या घावाचा थोडा जोर जातो, आणि त्या बदल्यात दुसरा घाव वेळेवर येतो.

भोसकण्याबद्दल विचारलं, कारण वाकडं पातं भोसकायला वाईट असं मी समजत होतो. काकांनी माझी मूठ धरून दाखवलं. तोडताना मनगट मोडावं लागत नाही ते ज्या कारणाने, त्याच कारणाने इथेही टोक हाताच्या रेषेजवळ येतं. मुठीची रेषा वर तोंड करते, वाक टोकाला परत खाली आणतो. सरळ खंजिराइतकं नाही, पण काम भागतं. मात्र लगेच म्हणाले की त्यांच्या नोकरीत कुकरीने सगळ्यात जास्त काय केलं असेल तर झुडपं साफ केली, खुंट्या ठोकल्या आणि डबे उघडले.

१० डिसेंबर

काकांनी घरची सिरुपाते आणून दिली. सिरु गवताच्या पानासारखी निमुळती, पातं ३० सेंटीमीटर, पोट माझ्या पात्यांपेक्षा बरंच अरुंद, वजन ४३० ग्रॅम, तोल कड्याच्या ६ सेंटीमीटर पुढे. हातात अक्षरशः उडते. केळीच्या खांबावर तिचा दुसरा घाव पहिल्याला चिकटूनच येतो. शिसवाच्या फांदीवर तिने चिडचिड आणली. घाव वरवर, आणि जोर लावला तर ती आडवी वळते. दाइंकडे याच्या दुसऱ्या टोकाची भोजपुरे होती, रुंद आणि जाडजूड, तिने फांदी पटकन उतरवली.

त्यामुळे "कुकरी दोन्ही कामांना चालते" हे सरसकट खरं नाही. आकार तोच ठेवून वजन किती पुढे ढकलायचं यावर एक टोक हत्याराकडे जातं आणि दुसरं अवजाराकडे. दोन्हींना चालणारा पट्टा अरुंद आहे. माझ्या लांबीच्या पात्याला तो तोल साडेसातच्या आसपास आणि बिनधक्क्याची जागा पोटावर, असा पडला. लांबी बदलली तर आकडे बदलतील. पोटावर जागा आली पाहिजे, हे मात्र बदलणार नाही.

१२ डिसेंबर

सपाट पातं सुधारता येतं का बघितलं. कडक झालेलं असल्यामुळे ठोकता येत नाही, ग्राइंडरनेच काढावं लागतं. पुढच्या अर्ध्या भागाच्या दोन्ही गालांवरून पाठीच्या बाजूने पोलाद उतरवलं. दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. उघड्या बोटाने धरता येईल इतकंच गरम होऊ द्यायचं, नाहीतर धारेचं पाणी उतरतं. हातमोजे घालून हे काम करू नये, चटका कळत नाही.

७५ ग्रॅम निघाले. वजन ५५०, तोल ८.३ सेंटीमीटर, वीस झोके १९.३ सेकंद, म्हणजे बिनधक्क्याची जागा १७ च्या जरा पुढे. मुठीतला धक्का बराच कमी झाला, गेला नाही. पोटापासून एक सेंटीमीटर अजून राहिलाच. आणखी काढायला टोकाकडची रुंदी कमी करावी लागेल, आणि मग पोटच राहणार नाही. खरा उपाय मुठीकडे पोलाद जास्त ठेवण्याचा होता, आणि ते ठोकतानाच ठेवावं लागतं, मागाहून घालता येत नाही. बाजारातली जड कुकरी घेऊन ती घासून "लढाऊ" करू पाहणाऱ्यांची अडचण हीच असते.

१४ डिसेंबर

खर्च, नेपाळी रुपयांत: पाटा ५२०, कोळसा तीन पोती २७००, शिसवाच्या मुठी आणि पितळ ९००, ग्राइंडरच्या चकत्या ६५०, दाइंची मजुरी १२०००. दाप, म्हणजे म्यान, केली नाही. तिच्यात मागे दोन छोटी पाती असतात, बारीक कामाची कर्द आणि धार सरळ करायची बोथट चकमक. ती करायची तर आणखी तीन-चार दिवस धरावेत.

ज्यांना भारतात घेऊन यायचं आहे किंवा इथेच घडवायचं आहे त्यांनी शस्त्र नियम आधी वाचावेत. धारदार शस्त्रांच्या यादीत कुकरीचा नावानिशी उल्लेख आहे: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. माझी दोन्ही पाती ११ इंच लांब आणि दोन इंचांहून जराशी रुंद, म्हणजे दोन्ही मापांत बसत नाहीत, आणि तपासणीला उभं राहून "हे सरपणाचं आहे" असा वाद घालायची माझी तयारी नाही. दोन्ही दाइंकडेच ठेवली. उतरत्याला त्यांनी लगेच गिऱ्हाईक शोधलं, सपाट पातं अचानोजवळ सरपणाला लावलंय. पुढच्या खेपेला पातं २२ सेंटीमीटरचं आणि पोट ४.८ चं करणार. त्या लांबीला पाठ कड्यापाशी ८ मिलिमीटरने सुरू करून बघायची आहे.